पहिल्या वर्षाचे बारा हजार आणि दुसऱ्या वर्षाचं बिल

*आम्ही घरीच हळद, कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करून विकतो. महिन्याला वीसेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, एक ऑर्डर सरासरी आठशे रुपयांची. आता वेबसाइट करायची आहे, लोकांना तिथूनच पैसे भरून माल मागवता येईल अशी. ओळखीच्या एका मुलानं १२,००० रुपये सांगितले; डोमेन, होस्टिंग सगळं त्यात, ‘एक वर्ष फ्री’. एका एजन्सीनं ३८,००० सांगितले, पुढं दर वर्षी १५,००० देखभालीचे, आणि डोमेन-होस्टिंग दुसऱ्या वर्षापासून आमच्या खर्चानं. हे म्हणतात, एकच वस्तू तिप्पट दरानं कशाला घ्यायची? मलाही पटतं. पण आमच्या भावकीतल्या एकाची वेबसाइट दुसऱ्याच वर्षी बंद पडलेली बघितली आहे. एकदा पैसे भरल्यावर परत दर वर्षी कसला खर्च असतो? नक्की किती पैसे बाजूला ठेवायचे?*
*— एक वाचक, सांगली जिल्हा*

ताई,

वेबसाइटचा हिशेब तीन वर्षांचा मांडायचा, असं मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्या वर्षाचा आकडा फसवा असतो. कुणी फसवतंच असं नाही, पण या धंद्यात नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या बिलावर मोठी सूट देण्याची पद्धत आहे. खरा दर नूतनीकरणाच्या वेळी कळतो. म्हणून ‘फ्री’ या शब्दापाशी थांबून एकच विचारायचं: हेच दुसऱ्या वर्षी किती रुपयांना पडेल?

ओळीनं बघू.

डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचं नाव. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळतं. `.com` चं नूतनीकरण सध्या साधारण हजार ते दीड हजार रुपयांत होतं, `.in` थोडं स्वस्त पडतं. मी मधला १,३०० चा आकडा धरतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३४. झाले १,५३४. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, त्यामुळे तो खर्चातच धरायचा. एक सावधगिरी: `.store`, `.online` अशी नावं पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी काही हजारांचं बिल येतं. तोवर ते नाव तुमच्या पाकिटांवर छापलेलं असतं, त्यामुळे सोडताही येत नाही.

होस्टिंग म्हणजे वेबसाइट जिथं ठेवली जाते त्या जागेचं भाडं. जाहिरातीत दिसतो महिना दीडशे रुपये, पण तो दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असतो, आणि नूतनीकरणाला तीच जागा महिना चारशे ते सहाशेवर जाते. ४५० धरले तर वर्षाचे ५,४००, जीएसटीसह ६,३७२. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असा इशारा दिसू नये म्हणून लागणारं एसएसएल प्रमाणपत्र यात फुकट असायला हवं. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगवर ते आपोआप नवं होत राहतं. तुमच्यासारख्या वेबसाइटसाठी कुणी त्याचे वेगळे तीन-चार हजार लावत असेल तर ती ओळ कापायला सांगा.

इथपर्यंत वर्षाचे झाले ७,९०६. घासाघीस बहुतेक जण याच दोन ओळींवर करतात. मोठा खर्च मात्र पुढच्या दोन ओळींत आहे, आणि त्या कोटेशनवर बहुधा नसतातच.

तुमची वेबसाइट बहुतेक वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर होईल. वर्डप्रेस मोफत आहे, त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्सही मोफत आहे. पण पानांची मांडणी, कुरिअरचे दर, जीएसटीचं बिल अशा कामांसाठी जे प्लगिन, म्हणजे छोटी जोड-सॉफ्टवेअर, वापरतात, त्यांतले काही वार्षिक परवान्याचे असतात. एकेक परवाना सहज पन्नास-साठ डॉलरचा असतो. दोन प्लगिनचे मिळून ९,००० धरा, करासह १०,६२०. परवाना संपला की प्लगिन सहसा लगेच बंद पडत नाही, फक्त त्याचे अपडेट थांबतात. म्हणून लोकांना वाटतं, पैसे वाचले. सहा-आठ महिन्यांनी त्या प्लगिनच्या सुरक्षेत एखादी फट सापडते, कंपनी ती बुजवणारी आवृत्ती काढते, आणि तुमच्याकडे मात्र जुनीच राहते.

इथं त्या मुलाला एक प्रश्न स्पष्ट विचारा: परवाना कुणाच्या नावावर असणार? बरेच जण स्वतःचा एक मोठा परवाना घेऊन तोच वीस-पंचवीस गिऱ्हाइकांकडे वापरतात. अनेक प्लगिनमध्ये त्याला परवानगी असते, त्यात गैर काही नाही. पण तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानं परवाना सोडून दिला, तर तुमचे अपडेट त्याच दिवशी थांबतील. याहून वाईट म्हणजे ‘नल्ड’ प्लगिन: पैसे देऊन घ्यायचं प्लगिन, कुलूप फोडून फुकट वाटलेलं. त्यात चोरट्यांना शिरायला मागचा दरवाजा ठेवलेला असण्याची शक्यता मोठी असते. बारा हजारांत सगळं बसतं कसं, याचं उत्तर कधी कधी हे असतं. मी त्या मुलावर आरोप करत नाही. त्याला पैसे देऊन घ्यायच्या प्लगिनांची यादी आणि खरेदीच्या पावत्या मागा, एवढंच.

आता देखभाल. “कसला खर्च?” हा तुमचा मूळ प्रश्न इथं येतो. वेबसाइट हे छापून वाटलेलं पत्रक नाही. ती सतत चालू असलेली यंत्रणा आहे आणि तिच्याखालची जमीन सरकत असते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक वर्षांचं आयुष्य असतं, ७.४ या आवृत्तीचे सुरक्षा-अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाले. होस्टिंगवाला कधी तरी जुनी आवृत्ती काढून नवी बसवतो, आणि तीन वर्षं हात न लावलेल्या वेबसाइटचं एखादं जुनं प्लगिन नव्या आवृत्तीवर कोसळतं. पांढरं पान दिसतं. तुमच्या भावकीतल्या वेबसाइटचं असं झालं असेल, किंवा तिचं डोमेन संपलं असेल. बंद वेबसाइटमागं मला बहुतेक वेळा या दोन्हींपैकीच एक कारण सापडलंय.

देखभालीत नेमकं काय करायचं असतं, तेही सांगतो, म्हणजे कुणी पंधरा हजार मागितले तर कशाचे ते विचारता येईल. महिन्यातून एकदा आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा, मग अपडेट करायचे, मग स्वतः गिऱ्हाईक होऊन एक ऑर्डर टाकून बघायची. पैसे गेले का, ईमेल आला का, फोनवर पान नीट दिसतं का. शेवटची ही चाचणी फार जण वगळतात आणि मग आठवडाभर ऑर्डरी का आल्या नाहीत ते कळत नाही. बॅकअप होस्टिंगच्या बाहेर, म्हणजे गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी असायला हवा, कारण होस्टिंगचं खातंच अडकलं तर आतला बॅकअपही त्याच्याबरोबर अडकतो. वर्षातून एकदा तरी तो बॅकअप उघडून वेबसाइट परत उभी राहते का, हे बघायला हवं. हे सगळं मिळून महिन्याला दोन तासांचं काम आहे. आपल्याकडे लहान गावातला स्वतंत्र काम करणारा माणूस दुकानवजा वेबसाइटसाठी महिना १,५०० च्या आसपास घेतो असं धरू. वर्षाचे १८,०००.

आता बेरीज. बारा हजारांच्या कोटेशनमध्ये दुसऱ्या वर्षी डोमेन १,५३४, होस्टिंग ६,३७२, प्लगिन १०,६२० आणि देखभाल १८,०००, मिळून ३६,५२६ रुपये. तीन वर्षांचे १२,००० अधिक दोनदा ३६,५२६, म्हणजे ८५,०५२. एजन्सीचे पहिल्या वर्षी ३८,०००, पुढं दर वर्षी देखभालीचे १५,००० आणि डोमेन-होस्टिंगचे ७,९०६; प्लगिनचे परवाने त्या पंधरा हजारांतच असतील तर तीन वर्षांचे ८३,८१२. तुमच्या यजमानांना हे दोन आकडे दाखवा. तिपटीचा फरक तिसऱ्या वर्षापर्यंत जवळजवळ पुसला जातो. प्लगिन त्यात नसतील तर एजन्सी त्या मुलापेक्षा वीस हजारांनी महाग पडते, म्हणून ते आधी लेखी विचारून घ्या. दर माझे अंदाजाचे आहेत. तुमच्याकडचे खरे आकडे त्या जागी घालून हीच बेरीज पुन्हा करा.

पण या दोन्हींपैकी एक निवडा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वेबसाइट म्हणजे पैसे भरून माल मागवता येईल असं दुकानच हवं. महिन्याला वीस ऑर्डरी म्हणजे वर्षाला २४०. दुकानाचा दुसऱ्या वर्षाचा ३६,५२६ चा खर्च त्यांच्यावर वाटला तर एका ऑर्डरमागं १५२ रुपये पडतात. शिवाय गिऱ्हाइकाचे पैसे वेबसाइटवरून तुमच्या खात्यात आणणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी घेतो, म्हणजे आठशेच्या ऑर्डरवर आणखी १९ रुपयांच्या आसपास. मिरची, तेल, पाकीट, कुरिअर हे सगळं जाऊन आठशेतले तुमच्या हातात किती उरतात, हे तुम्हालाच ठाऊक. त्यातून १७१ वजा करून बघा.

तिसरा रस्ता असा. पाच-सहा पानांची साधी वेबसाइट: तुम्ही कोण, काय बनवता, दर, फोटो, अन्न परवान्याचा क्रमांक, आणि प्रत्येक वस्तूखाली व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायचं बटण. त्या बटणामागं फक्त असा एक दुवा असतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

`X` च्या जागी तुमचा मोबाइल नंबर. पैसे आज घेता तसेच यूपीआयनं. गेटवे लागत नाही, पैसे देऊन घ्यायचं प्लगिन लागत नाही, आणि गिऱ्हाइकांची माहिती वेबसाइटवर साठत नसल्यानं धोका आणि देखभाल दोन्ही कमी. तीन महिन्यांतून एकदा कुणाकडून तरी हजार रुपयांत तपासून घेतलं तरी भागतं. पहिल्या वर्षी बनवायचे १५,००० आणि सवलतीच्या दरातलं डोमेन-होस्टिंग चारेक हजारांचं, असे १९,०००. पुढं दर वर्षी ७,९०६ अधिक तपासणीचे ४,०००, म्हणजे ११,९०६. ऑर्डरमागं पन्नास रुपये. तीन वर्षांचे ४२,८१२, म्हणजे दुकानाच्या निम्मे. याशिवाय पाचेक हजार अडीअडचणीला वेगळे ठेवा.

मग दुकान कधी? व्हॉट्सॲपवर पत्ते उतरवून घेण्यात, पैसे आले का ते तपासण्यात रोजचा तास-दीड तास जायला लागला की. महिन्याला शंभर ऑर्डरी झाल्या तर तोच ३६,५२६ चा खर्च ऑर्डरमागं ३० रुपयांवर येतो, तेव्हा तो खुशाल करावा. साधी वेबसाइट वर्डप्रेसवरच करून घेतलेली असेल तर वूकॉमर्स तिच्यावरच चढवता येतं. नाव तेच, पानं तीच. आज केलेला खर्च त्या दिवशी वाया जात नाही. महिन्याच्या भाड्यानं तयार दुकान देणाऱ्या सेवाही आहेत. तिथं देखभालीची काळजी नाही, पण भाडं थांबलं की दुकान बंद, आणि वीस ऑर्डरींना ते भाडंही जडच जाईल.

दुकान काढायचंच ठरलं तर त्याआधी एकदा सीएला भेटा. हळद-मसाल्यांसारखा करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. व्हॉट्सॲपवर आज सगळी गिऱ्हाइकं ओळखीची आणि महाराष्ट्रातली असतील. वेबसाइटवर बेळगाव आणि हैदराबादहूनही ऑर्डर येईल. नोंदणी झाली की विवरणपत्रं भरण्याची फीसुद्धा वर्षाच्या खर्चात धरायला हवी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर इतकं लांबवलं ती. कुणाकडूनही करून घ्या, डोमेन तुमच्या स्वतःच्या खात्यात, तुमच्या ईमेल आणि मोबाइलवर घ्या. पासवर्ड तुमच्या वहीत असू दे. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या व्यावसायिकाची वेबसाइट सांभाळत होतो. डोमेन मात्र आधीच्या माणसानं स्वतःच्या खात्यावर घेतलेलं होतं. त्यानं ईमेल बदलला, नूतनीकरणाच्या सूचना जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि एका सोमवारी सकाळी वेबसाइट आणि त्या नावावरचे सगळे ईमेल एकदम बंद झाले. तो माणूस फोन उचलत नव्हता. मीही ते खातं कुणाचं आहे हे आधी तपासलं नव्हतं, ती माझी चूक. दुसऱ्या नावानं सगळं नव्यानं उभं करावं लागलं.

`.com` ची मुदत संपल्यावर काय होतं ते माहीत असू द्या. पहिले काही दिवस, कंपनीप्रमाणे जास्तीत जास्त ४५, नाव नेहमीच्या दरानं परत मिळू शकतं. मग ३० दिवस असे असतात की ते सोडवायला दंड पडतो, आणि तो काही हजारांत जातो. त्यानंतर पाच दिवसांत नाव मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. तुमचं डोमेन केव्हा संपतं हे बघायला `lookup.icann.org` वर नाव टाका. मुदतीची तारीख आणि कोणत्या कंपनीकडे ते नोंदलंय ते दिसतं. ऑटो-पेवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ग्राहकाची नोंदवलेली संमती लागते, आणि परदेशी कंपन्यांची वसुली आपल्या कार्डांवर बऱ्याचदा अडते. डोमेनचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका, ते काही फार नाहीत. होस्टिंगचे मात्र एकाच वर्षाचे भरा. सूट कमी मिळेल, पण सेवा वाईट निघाली तर पाय अडकणार नाही.

वेबसाइट सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा गुगलवर `site:` लिहून त्याला जोडूनच तुमच्या डोमेनचं नाव टाका, मध्ये जागा न सोडता. तुमची पाच-सहा पानं दिसायला हवीत. तिथं जपानी अक्षरांतली शेकडो पानं किंवा औषधांच्या जाहिराती दिसल्या तर वेबसाइटमध्ये कुणी तरी शिरलंय, मग मुख्य पान कितीही नीट दिसत असलं तरी. अशा वेळी लगेच माणूस गाठा. साफसफाईला पाच ते पंधरा हजार सहज जातात, आणि बाहेर ठेवलेला चांगला बॅकअप असेल तर बऱ्याच कमीत भागतं.

दोघांनाही हा निरोप पाठवा. उत्तर लेखीच मागा, फोनवर नको:

“नमस्कार. कृपया एवढं लिहून कळवा. १) दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी डोमेन आणि होस्टिंग प्रत्येकी किती, जीएसटीसह? २) पैसे देऊन घ्यायची प्लगिन कोणती, परवाना कुणाच्या नावावर, वर्षाला किती? ३) डोमेन माझ्या खात्यात घेऊन द्याल ना? ४) देखभालीत दर महिन्याला काय काय करणार, बॅकअप कुठं ठेवणार? ५) पाच पानं आणि व्हॉट्सॲप बटण एवढंच केलं, दुकान नको, तर किती?”

त्या मुलानं पाचही प्रश्नांची सरळ उत्तरं दिली तर काम त्यालाच द्या. जवळचा माणूस आहे, अडचणीला घरी येऊ शकेल, आणि साध्या वेबसाइटला एजन्सीची गरज नाही. तिसऱ्या प्रश्नावर त्यानं “माझ्या खात्यात राहू दे, सोपं पडतं” म्हटलं, तर डोमेन आधी तुम्ही स्वतः घ्या. यूपीआयनं पैसे भरून दहा मिनिटांत होतं. मग कामाला हात लावायला सांगा.